बाटलीच्या पाठीवरची यादी : सुगंध, अल्कोहोल आणि कपाळावरच्या पुळ्या

९ जून २०२५

भाची काल सामान घेऊन राहायला आली आणि न्हाणीघरातल्या फळीवर माझ्या दोन बाटल्यांशेजारी तिच्या चौदा बाटल्या येऊन बसल्या. तक्रारी तीन. क्रीम लावलं की गाल चुणचुणतात. मानेवर आणि कानामागे अधूनमधून लाल, खाजरं पुरळ उठतं. आणि कपाळावर केसांच्या रेषेलगत बारीक, बंद तोंडाच्या पुळ्या आहेत, त्या सहा महिने हटलेल्या नाहीत. "माझी स्किनच सेन्सिटिव्ह आहे गं मावशी," असं म्हणून तिने विषय संपवला होता.

मी क्रीमच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत सात वर्षं काढली आहेत, त्यामुळे मला हा एक आजार वाटत नाही. हे तीन वेगळे प्रकार असावेत, कारण तिघांचं वेळापत्रक वेगळं आहे. अल्कोहोल झोंबतं ते लावल्यावर काही मिनिटांत. सुगंधाची अ‍ॅलर्जी उशिरा येते, साधारण एक ते तीन दिवसांनी, तोवर आपण काय लावलं होतं ते विसरलेलो असतो. आणि छिद्र आतून बुजून पुळी वर दिसेपर्यंत आठवडे जातात, कधी महिने. म्हणून नोंदी तारखेने ठेवायच्या ठरल्या. चौदाही याद्या संगणकात टाइप करायच्या, संशयित घटक शोधणारी छोटी स्क्रिप्ट भाची लिहिणार, आणि संशयित कोणाला म्हणायचं ते मी ठरवणार. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला सुट्टीत काहीतरी करायला हवंच होतं.

१२ जून

चौदापैकी दहाच याद्या टाइप झाल्या. बाकी चारांनी सुरुवातीलाच दगा दिला.

दोन नळ्या इतक्या लहान आहेत की त्यांच्यावर यादीच नाही. ही लबाडी नाही. आपल्याकडच्या नियमांत द्रव ६० मिलिलिटरपेक्षा कमी किंवा घट्ट पदार्थ ३० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर घटकांची यादी छापण्याची सक्ती नाही. म्हणजे 'आधी छोटी नळी घेऊन बघू' हा शहाणपणाचा वाटणारा मार्ग नाजूक त्वचेच्या माणसाला उलटा पडतो. काय लावतोय ते कळतच नाही. त्याच क्रीमची मोठी बाटली दुकानात उचलून तिच्या पाठीचा फोटो काढायचा, एवढाच उपाय.

तिसऱ्या, परदेशी बाटलीवर आयातदाराने किमतीचं स्टिकर नेमकं यादीवर चिकटवलं होतं. भाचीने ते ओलं करून सोलायचा प्रयत्न केला, त्याबरोबर यादीही निघून आली.

चौथं आयुर्वेदिक परवान्याचं क्रीम. त्यावर कोरफड, मंजिष्ठा, हळद हे सगळं प्रमाणासकट व्यवस्थित दिलंय, आणि शेवटी 'क्रीम बेस, पुरेसा'. ज्यात आपल्याला रस आहे ते सगळं त्या 'पुरेसा'च्या पोटात आहे. तेल कोणतं, परिरक्षक कोणता, वास कसला, काही कळत नाही. ही बाटली बाजूला ठेवली.

१५ जून

स्क्रिप्टची पहिली फेरी. भाचीने साधा नियम लिहिला होता : ज्या नावात 'अल्कोहोल' शब्द येईल त्याला लाल खूण. दहापैकी नऊ उत्पादनं लाल झाली. तिचा चेहरा पडला, मला मात्र हसू आलं. पहिल्यांदा यादी वाचणारा प्रत्येक जण इथेच ठेचकाळतो.

लेबलवर 'अल्कोहोल' म्हणून येणाऱ्या गोष्टी एका घरातल्या नाहीत. सीटाइल, स्टीअराइल, सीटिअराइल आणि बिहेनाइल अल्कोहोल म्हणजे मेणासारख्या पांढऱ्या चकत्या. त्यांची कार्बन साखळी १६ ते २२ अणूंइतकी लांब असते. कारखान्यात आम्ही त्यांची पोती फोडून ७० अंशांच्या वर तापवलेल्या तेलात वितळवायचो. त्यांनी क्रीमला दाटपणा येतो आणि त्वचेला मऊपणा. ती उडून जात नाहीत, कातडी कोरडी करत नाहीत. अमेरिकेत तर 'अल्कोहोल-फ्री' लिहिलेल्या बाटलीतही ती चालतात, कारण तिथे त्या शब्दाचा अर्थ इथेनॉल नाही एवढाच धरला जातो. या चकत्यांचीही अ‍ॅलर्जी असलेली माणसं असतात, पण विरळा.

झोंबणारं ते दुसरं घर. 'अल्कोहोल डिनॅट', 'एसडी अल्कोहोल' आणि पुढे आकडा, इथेनॉल, आयसोप्रोपाइल अल्कोहोल, किंवा नुसतंच 'अल्कोहोल'. कुणी पिऊ नये म्हणून त्यात कडू पदार्थ मिसळलेला असतो, तेच ते डिनॅट. हे पटकन उडतं, गार वाटतं, आणि जाताना त्वचेवरची स्निग्धता विस्कटून जातं. आधीच भेगाळलेल्या त्वचेवर ते झोंबणारच.

मग बेन्झाइल अल्कोहोल. ते दोन्ही घरांत बसत नाही. ते परिरक्षक म्हणून घातलं जातं, पण स्वतःला मंद वास असतो आणि युरोपच्या सुगंधी अ‍ॅलर्जीकारकांच्या यादीतही त्याचं नाव आहे. त्याला मी सुगंधाच्या रकान्यात टाकायला सांगितलं.

आता नियम नावाच्या तुकड्यावर नाही, पूर्ण नावावर चालतो :

```python
import re

SOLVENT = {"alcohol", "alcohol denat.", "ethanol",
           "sd alcohol 40-b", "isopropyl alcohol"}
SCENT = {"parfum", "fragrance", "perfume", "aroma",
         "linalool", "limonene", "geraniol", "citronellol",
         "eugenol", "citral", "benzyl alcohol"}

def flag(label):
    label = re.sub(r"\(.*?\)", "", label)
    for n, x in enumerate(label.split(","), 1):
        x = " ".join(x.lower().split())
        if x in SOLVENT: print(n, x, "SOLVENT")
        if x in SCENT:   print(n, x, "SCENT")
```

कंस काढून टाकायची ओळ माझी सूचना. एकच गोष्ट कुणी 'पार्फम' लिहितो, कुणी 'फ्रेग्रन्स', कुणी एक बाहेर आणि दुसरं कंसात. ओठांच्या वस्तूंवर 'अरोमा' येतं, ते चवीच्या वासासाठी असतं.

१७ जून

एक मजेशीर चूक सापडली. एका क्रीमच्या यादीत मी हाताने मोजले तर सोळा घटक, स्क्रिप्ट सतरा म्हणत होती. दोष `1,2-Hexanediol` या नावाचा. नावाच्या पोटातच स्वल्पविराम आहे, आणि स्क्रिप्टने त्याचे दोन घटक केले. त्यामुळे पुढच्या प्रत्येकाचा क्रमांक एकाने सरकला. इथे क्रमांक हाच पुरावा आहे, म्हणून दुरुस्ती गरजेची होती. दोन आकड्यांमधला स्वल्पविराम सोडून बाकीच्या ठिकाणी तोडायचं :

```python
parts = re.split(r"(?<!\d),|,(?!\d)", label)
```

२१ जून

आज ज्या क्रीमवर गाल चुणचुणल्याचा आरोप आहे ते घेतलं. स्क्रिप्ट बाजूला ठेवून भाचीसोबत ओळीने वाचलं. यादी अशी :

```
Aqua, Glycerin, Isopropyl Palmitate, Cetearyl Alcohol,
Alcohol Denat., Dimethicone, Glyceryl Stearate,
1,2-Hexanediol, Phenoxyethanol, Carbomer,
Aloe Barbadensis Leaf Juice, Parfum (Fragrance),
Sodium Hydroxide, Linalool, Limonene, Geraniol
```

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, हे तिला माहीत होतं. हा क्रम फक्त एक टक्क्यापर्यंतच बांधील असतो, हे माहीत नव्हतं. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कंपनी हव्या त्या क्रमाने लावू शकते. ती रेघ छापलेली नसते, आपण ओळखायची असते. माझी खूण फिनॉक्सिइथेनॉल. हे परिरक्षक युरोपात एक टक्क्याहून जास्त घालता येत नाही, म्हणून ते दिसलं की समजायचं, आपण रेघेवर आलो किंवा ओलांडली. कार्बोमर हा दाटपणा आणणारा पदार्थही बहुतेकदा एक टक्क्याच्या आतच असतो. त्यामुळे डब्याच्या दर्शनी बाजूला हिरवंगार पान काढून मिरवलेली कोरफड इथे रेघेखाली आहे. ती पार्फमच्या आधी लिहिली म्हणून जास्त आहे असंही नाही.

आता पाचव्या क्रमांकावरचं अल्कोहोल डिनॅट. आकडा दिलेला नाही, पण शेजाऱ्यांवरून अंदाज बांधता येतो. सीटिअराइल अल्कोहोल अशा क्रीममध्ये साधारण दोन ते पाच टक्के घालतात. डिनॅट त्याच्या खाली आहे, म्हणजे त्याहून जास्त नाही. फिनॉक्सिइथेनॉलच्या बरंच वर आहे, म्हणजे बहुधा एक टक्क्याहून थोडं तरी अधिक. दोन-तीन टक्के धरू. एवढ्याने धड त्वचा सहसा कुरकुरत नाही.

मग चुणचुणतं का? विचारलं, क्रीमच्या आधी काय लावतेस. "टोनर. मस्त गार वाटतं." टोनरची यादी काढली. पहिलं पाणी, दुसरंच अल्कोहोल डिनॅट, तिसरं ग्लिसरीन. दुसऱ्या क्रमांकावर, ग्लिसरीनच्याही वर. हे दोन-तीन टक्क्यांचं प्रकरण नव्हे. गारवा त्याच्या उडून जाण्याचाच. दिवसातून दोनदा ही धुलाई, आणि नंतर आलेल्या क्रीमवर आळ.

तीन दिवस टोनर बंद, क्रीम चालू. बाकी काही बदलायचं नाही.

२५ जून

चौथ्या दिवशी सकाळी चुणचुण जवळपास नाही. काल संध्याकाळी मुद्दाम एका गालाला टोनर लावून दोन्ही गालांना क्रीम लावलं. टोनरचा गाल दोन मिनिटांत बोलू लागला, दुसरा गप्प. टोनरची बाटली आता चष्म्याच्या काचा पुसायला आहे.

एक खबरदारी इथे लिहून ठेवते. लगेच झोंबणारं प्रत्येक वेळी अल्कोहोलच असतं असं नाही. लॅक्टिक आम्ल, क जीवनसत्त्वाची काही रूपं, काही सनस्क्रीनही झोंबतात, आणि आमच्या रकान्यांत ती नाहीत. हा गाल त्या मानाने सोपा निघाला.

२८ जून

आता सुगंध. माझ्या मते यादी वाचण्यातला सर्वांत अवघड भाग हाच, कारण इथे एका शब्दामागे गर्दी लपलेली असते. 'पार्फम' हा एक घटक नसतो, ते मिश्रण असतं, आणि त्यात काय आहे ते बऱ्याचदा क्रीम बनवणाऱ्यालाही कळत नाही. आमच्या कारखान्यात सुगंध बंद कॅनमध्ये यायचा, वर फक्त सांकेतिक क्रमांक. बॅच थंड होऊन ४५ अंशांच्या खाली आली की सगळ्यात शेवटी ओतायचा, नाहीतर वास उडून जातो. सुगंध न घातलेली बॅच मी रोज हुंगलेली आहे. ओल्या मेणबत्तीसारखा वास येतो. तसं क्रीम कोणी विकत घेणार नाही, ही भीती खरी आहे.

म्हणून 'अनसेंटेड' या शब्दावर विसंबू नये. मूळ वास झाकायला सुगंध घालून शेवटी काहीच जाणवत नाही अशी बाटली 'अनसेंटेड' म्हणून येऊ शकते. 'फ्रेग्रन्स-फ्री' त्यापेक्षा बरं, तरी यादी वाचायचीच. भाचीच्या एका 'फ्रेग्रन्स-फ्री' बामच्या सहाव्या क्रमांकावर लव्हेंडरचं तेल निघालं. पार्फम हा शब्द यादीत नव्हता, स्क्रिप्टने त्याला हिरवी खूण दिली होती, आणि झाकण उघडल्यावर न्हाणीघर घमघमलं.

लव्हेंडरच्या तेलात लिनालूल असतं, संत्र्या-लिंबाच्या सालीच्या तेलात मुख्यतः लिमोनिन, गुलाबाच्या तेलात जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल, लवंगेत युजेनॉल. म्हणजे दारातून हाकललेला सुगंध खिडकीतून आत. अ‍ॅलर्जीला नैसर्गिक आणि कृत्रिम असा भेद कळत नाही. स्क्रिप्टमध्ये आता वनस्पतींची लॅटिन नावंही घातली : `lavandula`, `citrus`, `rosa damascena`, `melaleuca`, `santalum`. इथे मात्र पूर्ण नाव नको, तुकडा जुळला तरी खूण करायची. अल्कोहोलच्या वेळी जो नियम मूर्ख ठरला, तोच इथे कामाचा आहे.

लिनालूल आणि लिमोनिनची आणखी एक खोड. ताजी असताना ती फारशी त्रास देत नाहीत. हवेशी संयोग होऊन त्यांची जी हायड्रोपेरॉक्साइडं बनतात ती अ‍ॅलर्जी लावतात. त्यामुळे तीच बरणी पहिल्या महिन्यात गुणी आणि नवव्या महिन्यात खाजरी असू शकते. भाचीला ते क्रीम कधी उघडलं ते आठवेना. "दिवाळीच्या आसपास बहुतेक." आता प्रत्येक झाकणावर मार्करने उघडल्याची तारीख.

३० जून

क्रीमच्या यादीच्या शेपटाकडे परत आले. लिनालूल, लिमोनिन, जिरॅनिऑल. भाचीचं म्हणणं, "ही तर सगळ्यात शेवटी आहेत, म्हणजे नावापुरतीच ना?"

अल्कोहोलला लावलेलं माप इथे चालत नाही. युरोपच्या नियमानुसार त्वचेवर ठेवायच्या वस्तूत असा घटक ०.००१ टक्क्याहून जास्त असला की नाव छापावं लागतं, धुऊन टाकायच्या वस्तूत ०.०१ टक्क्याहून जास्त असला की. ५० ग्रॅमच्या बरणीत ०.००१ टक्के म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. ज्याला अ‍ॅलर्जी जडलीय त्याला शेवटचा क्रमांक दिलासा देत नाही. अल्कोहोल वाचताना क्रमांक बघायचा, सुगंध वाचताना फक्त आहे की नाही ते.

युरोपात अशी नाव घेऊन सांगायची यादी २६ जणांची होती. २०२३ च्या दुरुस्तीने ती ऐंशीच्या वर नेली, आणि तिथे बाजारात येणाऱ्या नव्या उत्पादनांना ती लागू करण्याची तारीख ३१ जुलै २०२६ ठरली. तेव्हा त्याच क्रीमच्या पाठीवर अचानक दहा नवी नावं दिसली, तर क्रीम बदललं असं समजू नये. उलट, इथल्या ज्या डब्यांवर नुसतं 'परफ्यूम' लिहून पूर्णविराम आहे, त्यावर लिनालूल दिसत नाही म्हणून ते आत नाही असंही समजू नये.

२ जुलै

यादीवरून संशय येतो, सिद्ध काही होत नाही. म्हणून घरची चाचणी सुरू. डाव्या हाताच्या कोपराच्या खोलगट भागाखाली, साधारण पाच सेंटिमीटर चौकोनात, ते क्रीम दिवसातून दोनदा. धुवायचं नाही, झाकायचं नाही. उजव्या हातावर त्याच जागी साधी पेट्रोलियम जेली, कारण हवा दमट आहे, घामानेही खाज येते आणि मग आळ क्रीमवर जातो. किमान सात दिवस, काही नाही झालं तर चौदापर्यंत. लाली-खाज दिसली की त्याच क्षणी थांबायचं. मानेवर आणि चेहऱ्यावर या काळात सुगंधी काहीही नाही.

एक दिवस लावून बघतात आणि 'सूट झालं' म्हणतात, त्यात उशिराची अ‍ॅलर्जी हमखास निसटते.

७ जुलै

सहाव्या दिवशी डाव्या हातावर लाल, बारीक फोडांसारखा चौकोन. खाज आहे. उजवा हात स्वच्छ. थांबवलं. क्रीममध्ये सोळा घटक, त्यातला कोणता हे या चाचणीने कळत नाही. सुगंध हा माझा अंदाज. त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली.

२२ जुलै

पाठीवर पॅच टेस्ट झाली. दोन दिवस पाठ कोरडी ठेवायची, अंगावरून पाणी नाही, आणि बाहेर धो धो पाऊस. ४८ तासांनी पट्ट्या काढल्या, आणि आज, चौथ्या दिवशी, दुसरं वाचन. 'फ्रेग्रन्स मिक्स १' ला स्पष्ट प्रतिक्रिया.

डॉक्टरांनी एक गोष्ट नीट समजावली. या मिश्रणात आठ पदार्थ असतात. जिरॅनिऑल, युजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमल, ओकमॉस वगैरे. लिनालूल आणि लिमोनिन त्यात नाहीत. म्हणजे आमच्या क्रीमच्या शेवटच्या तिघांपैकी या चाचणीत जिरॅनिऑलच होतं. बाकी दोघं निर्दोष ठरलेली नाहीत, त्यांची तपासणीच झालेली नाही. आणि नुसतं 'पार्फम' या शब्दाआड आणखी कोण होतं ते वेगळंच. त्यामुळे एकेक नाव टाळत बसण्यापेक्षा सुगंध सगळाच बंद. शाम्पूचाही, कारण तो मानेवरूनच ओघळतो.

कानामागचं कोडंही त्यातच सुटलं. तिथे ती क्रीम लावत नव्हती, परफ्यूम लावत होती. हा घटक कोणत्याही यादीत शोधायची गरज नव्हती, मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

२६ जुलै

कपाळाकडे वळलो. इथे मी यादीवर सर्वांत कमी विश्वास ठेवते.

छिद्रं बुजवणाऱ्या, म्हणजे कॉमेडोजेनिक घटकांच्या ज्या याद्या मोबाइलवरून फिरतात, त्यातल्या शून्य ते पाच गुणांचं मूळ बरंचसं सशाच्या कानात आहे. क्लिगमन आणि मिल्स यांनी १९७२ मध्ये सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांवर लिहिलं, तेव्हा सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला पदार्थ चोळून छिद्रं बुजतात का ते पाहत. फुल्टन यांनी १९८९ मध्ये घटकांची लांबलचक गुणपत्रिका छापली. आयसोप्रोपाइल मिरिस्टेट या तेलकट घटकाला पैकीच्या पैकी, म्हणजे छिद्रं बुजवण्यात पहिला नंबर, खोबरेल आणि कोको बटर चारच्या घरात. पण सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा कितीतरी लवकर बुजतो. शिवाय तिथे घटक सुटा, जोरकस प्रमाणात लावलेला. क्रीमच्या आत, सोळा जणांच्या संगतीत, तो तसाच वागेल याची खात्री नाही. ड्रेलॉस आणि डिनार्डो यांनी २००६ मध्ये असे घटक असलेली तयार उत्पादनं माणसांच्या पाठीवर तपासली, आणि उत्पादनं कॉमेडोजेनिक ठरतीलच असं नाही हे दाखवलं. डब्यावरच्या 'नॉन-कॉमेडोजेनिक' या शब्दालाही ठरलेली एकच चाचणी नाही.

मग यादीचा उपयोग काय? मी ती अशी वाचते. आयसोप्रोपाइल मिरिस्टेट, आयसोप्रोपाइल पाल्मिटेट, मिरिस्टाइल मिरिस्टेट, इथाइलहेक्साइल पाल्मिटेट, `Cocos Nucifera Oil`, `Theobroma Cacao Seed Butter`. यातलं काही पहिल्या पाचांत असेल, वस्तू धुऊन टाकायची नसेल, आणि पुळ्या नेमक्या ती लावतो तिथेच असतील, तर ती वस्तू संशयित. रेघेखाली असेल तर मी लक्ष देत नाही. भाचीने `coc` हा तुकडा शोधायला सांगितला तेव्हा फेसवॉशमधलं कोकामिडोप्रोपाइल बिटेन पकडलं गेलं. ते खोबरेलापासून निघत असलं तरी फेस आणणारा पदार्थ आहे, तेल नव्हे, आणि पाण्याबरोबर निघून जातो.

आमच्या क्रीममध्ये आयसोप्रोपाइल पाल्मिटेट तिसऱ्या क्रमांकावर आहे, तेव्हा संशय योग्य. पण क्रीम ती पूर्ण चेहऱ्याला लावायची, आणि पुळ्या फक्त केसांच्या रेषेलगत. गाल स्वच्छ. म्हणून विचारलं, डोक्याला तेल कधी लावतेस. आठवड्यातून तीन रात्री, चोपून, सकाळी धुणं. बहिणीने तिला लहानपणापासून लावलेली सवय. १९७० मध्येच प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन यांनी केसांच्या चोपड्या मलमांनी कपाळावर येणाऱ्या मुरुमांना 'पोमेड अ‍ॅक्ने' असं नाव दिलं होतं. आपल्या घरोघरचं चित्र त्याहून फार वेगळं नाही. खोबरेलाच्या बाटलीवर एकच घटक असतो, त्यामुळे ती वाचावी असं आम्हाला सुचलंच नव्हतं.

आज फोटो काढून मोजलं. कपाळावर एकतीस.

ठरवलं ते असं : आठ आठवडे रात्री तेल नाही. लावायचंच तर धुण्याआधी तासभर, केसांच्या टोकांना, कपाळापासून लांब. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून सोडायचं नाही, आत बुजलेली छिद्रं आपल्या वेळेनेच मोकळी होतात.

२४ ऑगस्ट

चार आठवडे झाले. एकतीसच्या एकोणीस. नव्या फार नाहीत, जुन्या विरतायत. मान स्वच्छ आहे. तीन दिवसांवर गणपती, तेव्हा अष्टगंध आणि अत्तर हातावरही नको असं बजावलंय. नमस्काराला वाकली की काकू मनगटाला अत्तर चोळणारच, त्याला काय उपाय ते मला माहीत नाही.

कपाळाच्या बाबतीत एक गोची मात्र मला आज मांडणी करताना लक्षात आली. सुगंधामुळे चेहऱ्यावरचं क्रीम बंद झालं ते २ जुलैला. तेल बंद झालं २६ जुलैला. म्हणजे पाल्मिटेट आणि खोबरेल दोन्ही तीन-साडेतीन आठवड्यांच्या अंतराने गेले, आणि पुळीचं घड्याळ इतकं सावकाश चालतं की एवढं अंतर म्हणजे एकाच वेळी. कोणामुळे फरक पडला ते सांगता येत नाही. मला वाटतं तेलामुळे, कारण जागा तीच सांगते. पण वाटणं रकान्यात भरता येत नाही.

सुगंध नसलेलं आणि पाल्मिटेट तिसऱ्या क्रमांकावर असलेलं एक क्रीम स्क्रिप्टने शोधून दिलंय. आठ आठवडे अर्ध्या कपाळाला लावून बघू म्हटलं, तर भाची म्हणाली, "मावशी, माझं कपाळ तुझी फॅक्टरी नाही."

त्या रकान्यात प्रश्नचिन्ह ठेवलं आहे.